वांग्याचा चालू तोडा, बाटलीवर हिरवा त्रिकोण आणि आतल्या कागदावर २२ दिवस. खरं काय धरायचं?

भिलवडीचं_रान
नमस्कार मंडळी. १५ गुंठे वांगी आहेत, तोडा चालू आहे, दर चौथ्या दिवशी. शेंडा आणि फळ पोखरणारी अळी वाढलीय. दुकानातून क्लोरँट्रानिलीप्रोल १८.५ टक्के एससीची ३० मिलीची बाटली आणली. दुकानदार म्हणाला, "हिरवा त्रिकोण आहे, काही होत नाही, आज मारा आणि परवा तोडा. पंपाला १० मिली टाका."
घरी आल्यावर खोक्यातला घडीचा कागद उघडला. तक्त्यात वांग्यासमोर शेवटच्या रकान्यात २२ आहे. टोमॅटोसमोर ३ आहे. वांग्याच्याच ओळीत एका रकान्यात ४० आणि पुढच्या रकान्यात २०० असे दोन आकडे आहेत. तीन प्रश्न आहेत. २२ ही छपाईची चूक आहे का? ४० धरायचे की २००? आणि हिरवा त्रिकोण असताना एवढे दिवस थांबायचं कशाला?

मळेवाला_पलूस
२२ बिबाविस काय नसतंय ओ. टोमॅटोला ३ हाय म्हंजे वांग्याला बी ३ च असणार, दोन्ही एकाच जातकुळीतली. छपाईत २ दोनदा पडला असंल. आणि हिरवा म्हंजे सगळ्यात सौम्य. लाल असता तर गोष्ट येगळी.

पत्रक_वाचा
मळेवाले दादा, तुमचं अर्धं बरोबर आहे. हिरवा हा चार रंगांतला सगळ्यात कमी विषारी गट, हे खरं. पण २२ ही छपाईची चूक नाही. या औषधाच्या मंजूर तक्त्यात वांग्याला २२ दिवस आहेत, टोमॅटो आणि मिरचीला ३, भेंडीला ५. कुठल्याही कंपनीची १८.५ टक्के एससीची बाटली घेऊन कागद उघडा, वांग्याच्या ओळीत हाच आकडा दिसेल.

आधी त्रिकोणाबद्दल. डब्यावर कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन असतो, त्याचे वर आणि खाली असे दोन भाग. खालच्या भागात रंग, वरच्या भागात शब्द किंवा चिन्ह. लालवर कवटी, हाडं आणि 'विष' हा शब्द. पिवळ्यावर कवटी नसते, पण 'विष' हा शब्द असतो. निळ्यावर 'धोका' आणि हिरव्यावर 'सावधान' अशा अर्थाचा शब्द. हा रंग ठरतो तो औषध पोटात गेलं किंवा अंगावर सांडलं तर प्राण्याला किती मात्रेत मरण येतं यावरून. तोंडावाटे शरीराच्या दर किलो वजनामागे ५० मिलिग्रॅमपर्यंत लाल, ५०० पर्यंत पिवळा, ५००० पर्यंत निळा आणि त्याच्या पुढे हिरवा. म्हणजे रंग बोलतो तो बाटली उघडणाऱ्या, औषध कालवणाऱ्या आणि पंप पाठीवर घेणाऱ्या माणसाबद्दल, तेही एकदम अंगात गेलेल्या मात्रेबद्दल.

वांग्यात आठ दिवसांनी किती अंश शिल्लक राहील, हे त्या रंगात कुठेच नाही. ते ठरतं औषध पानाफळात किती टिकतं, त्या पिकाला मात्रा किती दिली आणि त्या पिकात किती अंश चालतो यावर. त्यामुळे हिरव्या त्रिकोणाच्या औषधाला २२ दिवस असू शकतात आणि हिरव्याहून जहाल गटातल्या एखाद्याला ३. दोन्ही आकडे एकाच डब्यावर छापलेले असले तरी त्यांचा एकमेकांशी संबंध नाही.

तुती_रेशीम_कोरेगाव
यात एक भर. शेजारी तुती असेल तर हिरवा रंग बघून निर्धास्त राहू नका. हे औषध मूळचं अळ्या मारणारं, आणि रेशमाची अळी ही पण अळीच. वाऱ्याबरोबर चार थेंब तुतीवर गेले आणि तो पाला रॅकवर पडला तर बॅच हातची जाते. कागदावर रेशीमकिड्यांबद्दल सूचना असते, पण ती मागच्या बाजूला बारीक अक्षरात.

भिलवडीचं_रान
रंगाचं समजलं. मग आता ४० आणि २०० चं सांगा.

पत्रक_वाचा
तक्त्यात मात्रेचे रकाने बहुतेक वेळा एकाला एक लागून असतात. पहिल्यात सक्रिय घटक, दुसऱ्यात बाटलीतलं तयार औषध, तिसऱ्यात पाणी. तिन्ही आकडे हेक्टरी. वांग्याला ४० ग्रॅम सक्रिय घटक लागतो आणि तो मिळायला बाटलीतलं औषध २०० मिली घ्यावं लागतं. आपण मापून ओततो ते बाटलीतलं औषध, म्हणून आपल्या कामाचा आकडा २००. ४० हा हिशेब करणाऱ्यांसाठी.

हा गोंधळ इमामेक्टिनच्या पुडीवर तर फारच होतो. इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के एसजीला वांग्याच्या ओळीत १० आणि २०० असे आकडे आहेत, पाणी ५०० लिटर, थांबायचे दिवस ३. तिथला १० वाचून लोक "पंपाला १० ग्रॅम" असं समजतात, कारण १० ग्रॅम हा पंपाला शोभेल असाच आकडा दिसतो. प्रत्यक्षात तो एका हेक्टरातला सक्रिय घटक आहे. तुमच्या दुकानदाराचे १० मिली कुठून आले ते मी सांगू शकत नाही, पण तक्त्यातून ते निघत नाहीत.

आता गुंठ्यावर आणू. हेक्टर म्हणजे जवळजवळ शंभर गुंठे. म्हणून हेक्टरी आकड्याला शंभराने भागायचं की गुंठ्याचा आकडा मिळतो. २०० मिलीचे २ मिली दर गुंठा. तुमच्या १५ गुंठ्यांना ३० मिली, म्हणजे तुमची अख्खी बाटली. पाणी तक्त्यात ५०० ते ७५० लिटर आहे, म्हणजे गुंठ्याला ५ ते साडेसात लिटर. १५ गुंठ्यांना ७५ ते ११२ लिटर.
७५ लिटर पाण्यात आटोपत असेल तर १५ लिटरचे ५ पंप झाले, पंपाला ६ मिली. झाडं मोठी असून १०५ लिटर लागत असेल तर ७ पंप झाले, मग पंपाला ४ मिलीपेक्षा थोडं जास्त. पंप वाढले म्हणून बाटल्या वाढत नाहीत. रान तेवढंच आहे, औषधही तेवढंच.

मळेवाला_पलूस
हे गुंठ्याचं झ्याक सांगितलं. पर एक इसरलासा. पेट्रोल पंपाला तिप्पट मात्रा घ्यायची असती. ही शिफारस जुनी हाय, पुस्तकात बी छापतात. म्हंजे ६ मिलीचं १८ मिली झालं. मग दुकानदार १० म्हणाला ते कमीच की.

एचटीपी_आणि_गन
इथं थोडं थांबा. तिप्पटचा नियम चुकीचा नाही, पण तो कुठल्या पंपाचा आहे ते लोक विसरतात. तो पाठीवरच्या, हवेच्या झोताने धुकं उडवणाऱ्या पेट्रोल पंपाचा आहे. त्या पंपाने पाणी फार कमी लागतं. हेक्टरी ५०० च्या ठिकाणी २०० लिटर धरा. १५ गुंठ्यांना ३० लिटर पाणी. औषध मात्र तेवढंच. २०० ग्रॅम ५०० लिटरमध्ये टाकलं तर लिटरला ०.४ ग्रॅम, तेच २०० लिटरमध्ये टाकलं तर लिटरला १ ग्रॅम. अडीच पट दाट. 'तिप्पट' आलं ते या हिशेबातून. पाणी घटलं म्हणून पाण्यातली दाटी वाढली, रानावर पडणारं औषध वाढलेलं नाही.

आता आपल्याकडे पेट्रोलवर चालणारा एचटीपी पण लोक 'पेट्रोल पंप'च म्हणतात. त्याला लांब पाइप आणि गन असते. गनने पाणी कमी लागत नाही, उलट जास्त लागतं. १५ गुंठे वांग्याला हातातली गन सहज १५० लिटर ओतते. तिथं तिप्पट मात्रा धरली तर रानावर किती औषध पडेल ते बघा. साधी मात्रा धरली तरी चूक होते. २०० लिटरच्या बॅरलला लिटरमागे ०.४ ग्रॅम हिशेबाने ८० ग्रॅम इमामेक्टिन टाकलं आणि त्यातलं १५० लिटर या रानावर गेलं, तर ६० ग्रॅम पडलं. पाहिजे होतं ३०. कुणी तिप्पट केलं नाही, तरी दुप्पट झालं.

मळेवाला_पलूस
आमच्याकडं गनच हाय. बरं, मग गनला किती?

एचटीपी_आणि_गन
आधी साध्या पाण्यानं एक गुंठा मारून बघा. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद चौकोन आखा, चार कोपऱ्यांना काठ्या रोवा. बॅरलवर आधी खूण करा, नेहमीच्या चालीनं तेवढंच रान मारा आणि परत खुणेपर्यंत भरायला किती पाणी लागतं ते बादलीनं मोजा. पाठीवरचा पंप असेल तर पंप काठोकाठ भरून तसंच करा. ५ ते साडेसात लिटरमध्ये बसलं तर तुमची चाल आणि नोझल तक्त्याशी जुळतात. १० लिटर गेलं तर नोझलचं भोक झिजून मोठं झालंय किंवा गन जास्त उघडी आहे. पानाच्या टोकावरून थेंब गळायला लागले की त्याच्या पुढचं पाणी जमिनीत जातं, अळीला नाही.
उलटंही होतं. कामाच्या गडबडीत १५ गुंठे तीनच पंपांत उरकतात. पंपाला ६ मिली बरोबर टाकलेलं असतं, पण रानावर ३० च्या जागी १८ मिलीच पडलेलं असतं. मग "औषध नकली निघालं" म्हणून बोंब.

तासगाव_द्राक्ष
आमच्याकडे द्राक्षाला इमामेक्टिन फुलकिड्यासाठी मारतो. लेबलवर ५ दिवस आहेत. पण निर्यातदार म्हणतो लेबलचे दिवस धरू नका, यादीतले धरा. मग लेबल खोटं का?

पत्रक_वाचा
खोटं नाही, पण त्या दोन आकड्यांचे मालक वेगळे आहेत. लेबलवरचे दिवस आपल्या देशातल्या मर्यादेत अंश यावा म्हणून ठरवलेले असतात. युरोपला जाणाऱ्या मालाला तिथली मर्यादा लागते, ती अनेक औषधांना आपल्यापेक्षा कडक असते. म्हणून मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र निर्यातीच्या बागांसाठी वेगळी यादी देतं आणि तिच्यात दिवस वेगळे असतात. तुमची बाग निर्यातीला नोंदवलेली असेल तर त्या हंगामाची यादी धरा. मिरजेच्या मार्केटला माल जाणार असेल तर लेबल. दोन्ही शक्यता असतील तर जास्त दिवसांचा आकडा धरायचा. पण धागा वांग्याचा आहे, द्राक्षाचा वेगळा काढू.

अनुजा_कराड
माझा प्रश्न कदाचित बाळबोध वाटेल. ३ दिवस थांबायचं म्हणजे फवारल्यावर ३ दिवस रानात पाऊल टाकायचं नाही असंच ना? आमच्याकडे बायका दुसऱ्या दिवशी खुरपायला जातात.

पत्रक_वाचा
ताई, प्रश्न बाळबोध नाही, पण ती गोष्ट वेगळी. तक्त्याच्या शेवटच्या रकान्यातले दिवस शेवटची फवारणी आणि तोडणी यांच्यामधले असतात, खाणाऱ्यासाठी. रानात परत कधी जायचं याची सूचना सावधगिरीच्या मजकुरात असते. काही औषधांच्या कागदावर तास दिलेले असतात, काहींच्या नसतात. निदान पानं पूर्ण वाळेपर्यंत कुणी शिरू नये, आणि दुसऱ्या दिवशी खुरपायचं असेल तर पूर्ण बाह्या आणि हातमोजे हवेत. वांग्याची झाडं कमरेला लागतात, ओली पानं अंगाला घासतात. शिवाय वांग्याच्या काट्यांनी हात आधीच ओरबाडलेले असतात.

दिवस कसे मोजायचे तेही सांगतो, कारण तिथं एक दिवस हमखास गळतो. सोमवारी सकाळी तोडा केला आणि सोमवारी संध्याकाळी इमामेक्टिन मारलं. सोमवार धरायचा नाही. मंगळवार, बुधवार, गुरुवार हे तीन पूर्ण दिवस गेले की शुक्रवारी सकाळी तोडायला मोकळे. चौथ्या दिवसाचा तोडा असेल तर हे बरोबर बसतं. पण बाजारभाव चढला म्हणून तिसऱ्या दिवशी, गुरुवारी पहाटेच तोडला, तर अडीचच दिवस झाले. ज्या हंगामात लोक तिसऱ्या दिवशी तोडतात त्या हंगामात '३ दिवसांचं औषध' सुद्धा तुमच्या तोड्यात बसत नाही, हे ध्यानात घ्या.

भिलवडीचं_रान
मग माझी ही ३० मिलीची बाटली आता वापरली तर?

पत्रक_वाचा
कॅलेंडरवर मांडू. समजा १ तारखेला सकाळी तोडा केला आणि संध्याकाळी फवारलं. २२ दिवस पूर्ण होतात २३ तारखेला. तोडायला मोकळे २४ पासून. तुमचे तोडे ५, ९, १३, १७, २१ आणि २५ ला येतात. म्हणजे ५, ९, १३, १७ आणि २१ हे पाच तोडे बाजारात नेता येत नाहीत. फळं झाडावर ठेवताही येत नाहीत, बी धरतात आणि झाडाची ताकद खातात, म्हणून तोडून खड्ड्यात टाकावी लागतात. पाच तोड्यांची किंमत धरा आणि ठरवा.

म्हणून हे औषध वांग्यात पहिला तोडा सुरू होण्याआधीच बसतं. लागणीपासून पहिला तोडा साधारण दोन महिन्यांनी येतो असं धरलं तर लागणीनंतर पाच आठवड्यांच्या आत, जेव्हा फळं नसतात पण शेंडे मलूल होऊन माना टाकायला लागतात, तेव्हा. चालू तोड्यात ३ दिवसांवालं बसतं. तुमच्या १५ गुंठ्यांना इमामेक्टिन ५ टक्के एसजी ३० ग्रॅम, ७५ लिटर पाण्यात.

एचटीपी_आणि_गन
आणि ते ६ ग्रॅम चमच्यानं मोजू नका. एसजीचे दाणे, चमचा कधी गच्च भरतो कधी सैल. ३० ग्रॅम एकदाच छोट्या डिजिटल काट्यावर मोजा, एक लिटर पाण्यात पूर्ण विरघळवा आणि प्रत्येक पंपाला त्यातलं २०० मिली घाला. पाच पंप, हिशेब संपला. प्रत्येक वेळी घालण्याआधी काठीनं ढवळा. कालवलेलं त्याच दिवशी संपवा, उद्यासाठी ठेवू नका. पातळ औषध असेल तर सुई काढलेली १० मिलीची सिरिंज घ्या. बाटलीच्या झाकणावर भरवसा ठेवू नका, एका बाटलीचं झाकण दुसऱ्याशी जुळत नाही. सिरिंज, काटा, बादली ही फवारणीचीच वेगळी ठेवायची, घरात परत न्यायची नाहीत.

मळेवाला_पलूस
एक शंका ऱ्हायली. लोक तर तोडा चालू असताना हेच हिरवं मारत्यात. वांगी बाजारात जात्यात, खाणाऱ्यांना काय झाल्यालं दिसत न्हाई.

अनुजा_कराड
"काही झालेलं दिसत नाही" म्हणजे अंश नाही असं थोडंच! दुसऱ्या दिवशी उलटी होईल इतकं ते नसतंच, म्हणून तर दिसत नाही.

प्रयोगशील_वाई
मला दोन्ही बाजूंचं थोडं पटतं. फवारताना जे फळ बोराएवढं होतं ते आठ दिवसांत कितीतरी पट वाढतं, त्यामुळे अंश पातळ होत असणार. २२ हा आकडा कदाचित तयार फळावर औषध पडलं असं धरून आला असेल. फुलात असताना फवारलं आणि फळ नंतर धरलं तर त्याला पण २२ च दिवस लागतील असं वाटत नाही.

पत्रक_वाचा
तर्क म्हणून ठीक आहे, पण कागद फळाच्या आकाराप्रमाणे दिवस सांगत नाही आणि एका झाडावर फूल, बोराएवढं फळ आणि तोडणीचं फळ एकाच वेळी असतात. तोडणारा माणूस कुठलं फळ कधी धरलं ते बघत नाही. म्हणून मी २२ म्हणजे २२ धरतो.

प्रयोगशील_वाई
टोमॅटोला ३ आणि वांग्याला २२ हा फरक एवढा कशाने हे मात्र पटलेलं नाही. वांग्याला २०० मिली आणि टोमॅटोला १५० मिली, फरक फक्त ५० मिलीचा. तेवढ्यानं ३ चे २२ होत नाहीत.

पत्रक_वाचा
होत नाहीत, मान्य. प्रत्येक पिकावर अंशाच्या चाचण्या वेगळ्या होतात आणि त्या पिकाची मर्यादाही वेगळी असते, एवढंच म्हणता येईल. त्याचं गणित घडीच्या कागदावर छापत नाहीत.

उसाचा_फड_वाळवा
मग आमच्या उसाला याच औषधाच्या कागदावर २०८ दिवस आहेत, ते पण खरे? ऊस वर्षाचा, त्यातले सात महिने थांबायचं?

पत्रक_वाचा
खरे आहेत. उसात हे खोडकिडीसाठी लागणीनंतरच्या सुरुवातीच्या महिन्यांत वापरतात आणि तोड होते बारा महिन्यांच्या पुढे, त्यामुळे २०८ आपोआप भरतात. आपल्याला अडचण येत नाही. कुणी उशिरा, आठव्या नवव्या महिन्यात शेंडेकिडीसाठी ड्रोननं मारायचं म्हणालं तर मात्र तोडणीची तारीख मोजून घ्या. आणि उसासाठी याच नावाचं ०.४ टक्के दाणेदारही मिळतं. नाव तेच, टक्केवारी आणि मात्रा पूर्ण वेगळी. एकाचा कागद वाचून दुसरं टाकायचं नाही. लॅम्ब्डा सायहॅलोथ्रिन मिसळलेलं तयार जोडऔषधही येतं, त्याचा तक्ता वेगळा, दिवस वेगळे, त्रिकोणाचा रंगही हिरवाच असेल असं धरू नका.

तासगाव_द्राक्ष
दोन औषधं एकत्र मारली तर दिवस कुठले?

एचटीपी_आणि_गन
ज्याचे जास्त ते. ३ वालं आणि ७ वालं एकत्र केलं तर ७. सरासरी काढायची नसते. त्याआधी दोन्हीच्या कागदावर तुमचं पीक आहे का ते बघा, नसेल तर दिवस मोजायला आकडाच नाही.

अनुजा_कराड
हे महत्त्वाचं आहे. वांग्याच्या कडेला आम्ही कोथिंबीर टाकतो. वांग्यावर मारताना कोथिंबिरीवर पडतंच. तिचे किती दिवस?

पत्रक_वाचा
आपण वर ज्या दोन औषधांबद्दल बोलतोय त्यांच्या तक्त्यात कोथिंबीर नाही. म्हणजे तिच्यासाठी दिवस दिलेलेच नाहीत. वांग्याचे ३ तिला लावता येत नाहीत, कारण पालेभाजीत सगळं औषध खायच्याच भागावर पडतं. फवारणीआधी कोथिंबीर उपटून विका, किंवा कडेच्या दोन ओळी फवारताना नोझल आतल्या बाजूला धरून कोथिंबिरीवर प्लास्टिक टाका. थेंब पडलेच तर ती जुडी विकू नका.

तुती_रेशीम_कोरेगाव
वेळेचंही बघा. इमामेक्टिन मधमाश्यांना मारतं. वांग्याचं फूल सकाळी उघडं असतं आणि माश्या तेव्हाच येतात, म्हणून फवारणी उन्हं कलल्यावर. पंप धुतलेलं पाणी ओढ्यात किंवा शेततळ्यात सोडू नका. हिरव्या त्रिकोणावाल्या औषधाच्या कागदावर पाण्यातल्या जीवांबद्दल सूचना आहे, तीही बारीक अक्षरात.

मळेवाला_पलूस
बारीक अक्षराचंच दुखणं हाय. ३० मिलीच्या बाटलीवर मुंगीएवढं लिवत्यात. चष्म्यानं बी दिसत न्हाई.

अनुजा_कराड
मोबाइलनं फोटो काढा आणि मोठा करून बघा. तक्ता वाचताना कागदावर पट्टी आडवी ठेवायची, नाहीतर वांग्याच्या ओळीवरून नजर मिरचीच्या ओळीवर घसरते. कागदात मराठी मजकूर असतो, घडी पूर्ण उलगडली की सापडतो.

पत्रक_वाचा
तो फोटो मोबाइलमध्ये ठेवाच. फवारताना कुणाला चक्कर, मळमळ, दृष्टी अंधुक असं झालं तर डॉक्टरला औषधाचं दुकानातलं नाव सांगून उपयोग नसतो, घटकाचं नाव आणि उताऱ्याचा मजकूर लागतो. दोन्ही कागदावर असतात. काही औषधांना ठरावीक उतारा असतो, काहींना नसतो आणि लक्षणं बघून उपचार करावे लागतात. कुठलं ते कागद सांगतो. मीठपाणी पाजून उलटी काढणं वगैरे आपल्या मनानं करू नका.

भिलवडीचं_रान
सगळ्यांचे आभार. ठरलं ते असं: सोमवारी सकाळी तोडा, मलूल शेंडे आणि किडकी वांगी गोळा करून खड्ड्यात, संध्याकाळी इमामेक्टिन ३० ग्रॅम पाच पंपांत, पुढचा तोडा शुक्रवारी. त्याआधी उद्या एक गुंठा साध्या पाण्यानं मारून बघतो. एकच राहिलं, दुकानदार ३० मिलीची बाटली परत घेत नाही म्हणतोय.

एचटीपी_आणि_गन
सील उघडलं नसेल तर बिल घेऊन परत विचारा. बिलच दिलं नसेल तर आधी ते मागा, त्यावर बॅच नंबर हवा. तरी नाहीच घेतली तर बाटलीवरची वापराची मुदत बघा. पुढच्या लागणीच्या पहिल्या पाच आठवड्यांपर्यंत मुदत टिकत असेल तर ठेवून द्या, मूळ खोक्यात, कागद त्याच्याबरोबर रबर लावून, कुलपात.

मळेवाला_पलूस
आमी गनचं नोझल आज मोजलं. गुंठ्याला ११ लिटर गेलं. नवीन चकती कुठल्या नंबरची घ्यायची?

एचटीपी_आणि_गन
नंबर कंपनीप्रमाणे बदलतो, जुनी चकती काढून दुकानात दाखवा आणि तशीच नवी घ्या. बसवल्यावर परत एक गुंठा मोजा आणि इथं टाका. भोकात कचरा अडकला तर तोंडानं फुंकू नका, जुना दातांचा ब्रश वापरा.